जुना फोन आणि साडेपाच वर्षांची फोटोग्राफर: प्रकल्प नोंदी

७ जून

खणात दीड वर्ष पडून असलेला फोन लेकीला फोटो काढायला द्यायचा ठरवलं. पडद्याच्या एका कोपऱ्याला तडा आहे, पण काच सुटलेली नाही. कॅमेरा बारा मेगापिक्सेलचा, पाठीवर एकच भिंग. तिला एवढं पुरेल. भिंगं जास्त असली तर कुठलं वापरायचं हा नवा खेळ सुरू होईल, म्हणून एकच असलेलं बरंच.

आधी बॅटरी पाहिली. फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवला आणि कोपऱ्यावर बोट दाबलं. डुगडुगला असता किंवा कडेला पडदा उचललेला दिसला असता, तर बॅटरी फुगली असं समजून हा प्रकल्प इथेच संपवला असता. फुगलेली बॅटरी लहान मुलाच्या हातात द्यायची वस्तू नव्हे. फोन सरळ बसला. तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली.

मग फोन पुसून कोरा केला. एक चूक होता होता वाचली. जुनं खातं फोनमधून काढल्याशिवाय रीसेट केलं असतं, तर सुरू होताना फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागू शकला असता, आणि तो मला आता आठवत नाही. आधी खातं काढलं, मग रीसेट. नवं खातं घातलंच नाही, कॅमेऱ्याला ते लागत नाही. सिम नाही, वायफाय नाही, विमान मोड चालू. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद केली. सिम नसलं तरी लॉक पडद्यावरून आपत्कालीन क्रमांक लागू शकतो, एवढं डोक्यात ठेवायला हवं.

शेवटी कॅमेरा पडद्यावर खिळवून टाकला. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात `App pinning` आहे (आयफोनवर हेच काम `Guided Access` करतं). बाहेर पडायला पिन लागेल असं करून ठेवलं. आता फोन म्हणजे फक्त कॅमेरा.

८ जून

काल रात्री बसून सात नियम लिहिले होते. सकाळी वाचून दाखवले. सातवा संपेपर्यंत तिला पहिला आठवत नव्हता. नाश्ता होईपर्यंत खोडत खोडत तीनच उरले:

दोरी मनगटात घालायची, मगच फोन उचलायचा.
फोटो काढताना पाय थांबलेले हवेत.
माणसाचा फोटो विचारून.

दोरी गळ्यात अडकवायची नाही, हे मी पक्कं केलं. खेळताना ती खुर्चीच्या पाठीत, दाराच्या कडीत अडकली तर गळ्याला फास बसतो. मनगटातली दोरी अडकली तर फार तर हात ओढला जाईल. दुसरा नियम जिन्यामुळे आला. पडद्यावर नजर ठेवून ती पायऱ्या उतरायला लागली, तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.

पहिला तास. फोटो ३१२. वस्तू मोजल्या तर चौदा. बटण दाबून धरलं की आमचा कॅमेरा धडाधड फोटो काढत सुटतो, आणि लहान मुलं बटण दाबून धरतातच. एकट्या पंख्याचे ५७ निघाले. चाळीसएक फोटो तिच्या स्वतःच्या नाकपुड्यांचे, समोरच्या कॅमेऱ्याने काढलेले. आजी म्हणाली, "बंद कर रे तो पुढचा कॅमेरा." मी म्हटलं, राहू दे, नाकपुड्या संपतील कधीतरी.

दाबून धरण्यावर उपाय म्हणून तिला सांगितलं, "बटणाला फक्त टिचकी मारायची." लगेच जमलं.

९ जून

दिवसाला चोवीस फोटोंची मर्यादा घालून पाहिली. फोटो निघाले सहा. बाकी वेळ ती "बाबा, किती उरले?" विचारत माझ्यामागे फिरत होती. मर्यादा काढून टाकली. त्याऐवजी अर्धा तास ठरवला. तेवढ्यात कितीही काढ.

११ जून

खिळवलेल्या कॅमेऱ्याचा एक गुण आज कळला. काढलेला फोटो बघायला तिने कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर बोट ठेवलं तर आमच्या फोनवर काहीच उघडत नाही. गॅलरी हे वेगळं अ‍ॅप, आणि खिळवल्यावर दुसरं अ‍ॅप उघडायला बंदी. मी हे दुरुस्त करायला बसणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं की फोटो दिसत नाही म्हटल्यावर ती पुढच्या गोष्टीकडे चालली आहे. फोटो दिसला असता तर दर फोटोनंतर थांबून तो बघणं, हसणं, पुसायचा प्रयत्न करणं, यातच वेळ गेला असता.

तसंच राहू दिलं. फोटो संध्याकाळी, दोघांनी मिळून, मोठ्या पडद्यावर बघायचे. पुसायचे असतील तर तेव्हाच.

१२ जून

आज माझी चूक. काल संध्याकाळी कुंडीतल्या फुलाचा फोटो आला तेव्हा मी "वा! काय सुंदर!" म्हणालो होतो. आज त्याच फुलाचे १९ फोटो. बाकी जवळजवळ काही नाही. तिला फूल आवडलं म्हणून नव्हे, बाबाला आवडलं म्हणून काढलेले.

संध्याकाळी "छान" हा शब्द बंद करून एकच प्रश्न विचारला: "इथे तू काय बघत होतीस?" बहुतेक वेळा उत्तर "फूल" असंच आलं आणि आम्ही पुढे गेलो. मग एक जवळजवळ पूर्ण काळा फोटो आला. मी तो पुसणारच होतो. विचारलं, तर म्हणाली, "टेबलाखाली गेले होते. मागे कोपऱ्यात अंधार बसला होता ना, तो." पडद्याचा उजेड वाढवून नीट पाहिलं, तर डाव्या बाजूला टेबलाच्या पायाची कड जेमतेम दिसत होती. अंधाराचाच फोटो होता तो. ठेवला.

१४ जून

विचारून फोटो काढण्याचा नियम आज पहिल्यांदा मोडला. दुपारी आजी झोपलेली असताना तिने फोटो काढला. संध्याकाळी पडद्यावर तोंड उघडं ठेवून झोपलेली आजी आली आणि लेक खदखदून हसली. आजी हसली नाही. म्हणाली, "हा काढून टाक."

लेकीची तक्रार अशी की, "झोपलेल्या माणसाला कसं विचारणार?" प्रश्न बरोबर होता. माझ्या नियमात त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून पुढचा भाग जोडला: विचारता येत नसेल तर काढायचा नाही. झोपलेला, रडणारा, कपडे बदलणारा माणूस यात आपोआप येतो. शिवाय आधी "हो" म्हटलेल्या माणसालाही नंतर "काढून टाक" म्हणता येतं. आजीचा फोटो लेकीने स्वतःच्या बोटाने पुसला. तो फोनच्या कचरापेटीत उरतो हे मला माहीत होतं, म्हणून तिथूनही तिच्यादेखतच काढला.

मग मला म्हणाली, "तू माझे काढतोस ते?" खरं आहे. तिचे फोटो मी न विचारता काढतो आणि नातेवाइकांना पाठवतोही. आजपासून विचारायला लागलो. रात्रीपर्यंत दोनदा "नको" ऐकलं.

१५ जून

आता मूळ तांत्रिक अडचणीकडे. गेल्या तीन संध्याकाळचे ९६ फोटो समोर घेतले. त्यांतले ४१ धूसर. तिला वाईट वाटत होतं. "माझा फोन खराब आहे," म्हणत होती. भिंगावर बोटांचे डाग असतील म्हणून आधी ते मऊ कापडाने पुसलं. त्याने दिव्यांभोवतीचा धुरकट गोल गेला, पण धूसरपणा राहिला.

मग ४१ फोटो एकेक मोठे करून पाहिले. धूसर म्हणजे एकच गोष्ट असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रकार निघाले, आणि ते फोटोवरूनच ओळखता येतात.

पहिल्यात सगळंच फरफटलेलं असतं. भिंत, खुर्ची, दिवा, सगळ्यांना एकाच दिशेने शेपूट. म्हणजे फोन हलला. असे २२.

दुसऱ्यात मागची भिंत स्वच्छ, फक्त मांजर फरफटलेलं. फोन स्थिर होता, मांजर नव्हतं. असे ११.

तिसऱ्यात शेपूट कशालाच नाही. जवळची वस्तू मऊ, विरघळल्यासारखी, आणि मागची फरशी मात्र लख्ख. म्हणजे फोन इतका जवळ नेला की भिंगाला तिथे नजर लावता आली नाही. असे ८. बहुतेक मुंग्यांचे.

लेकीने त्यांना नावं दिली: थरथर, पळापळ आणि नाक-लावलं. ही नावं माझ्या नावांपेक्षा चांगली आहेत, म्हणून इथून पुढे तीच.

१६ जून

थरथर. फोटोंची माहिती उघडून शटरचा वेळ पाहिला. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोंवर १/१५, १/१२ सेकंद असे आकडे आहेत. सकाळी खिडकीजवळ काढलेल्यांवर १/१०० किंवा त्याहून कमी वेळ. उजेड कमी असला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्या वेळात हात हलला की चित्र फरफटतं. मोठ्या माणसाला १/१५ ला फोन कसाबसा स्थिर धरता येतो. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने पडदा दाबणाऱ्या साडेपाच वर्षांच्या मुलीला येत नाही.

शिवाय मी तिला सांगितलेली टिचकी! दाबून धरण्यावरचा तो उपाय होता. पण टिचकी मारली की फोनला धक्का बसतो, आणि तोही नेमका शटर उघडण्याच्या क्षणी. २२ पैकी बऱ्याच फोटोंत शेपूट उभ्या दिशेत आहे ते उगाच नाही. माझीच शिकवणी फोटोत दिसत होती.

कॅमेऱ्यातला तीन सेकंदांचा टायमर लावून दिला. आता बटण दाबायचं, दोन्ही हातांनी फोन धरायचा, कोपरं पोटाला चिकटवायची, आणि आकडे संपेपर्यंत स्टॅच्यू. बटण दाबताना बसलेला धक्का तीन सेकंदांत विरून जातो. दाबून धरण्याची भानगडही सुटली, कारण टायमर चालू असताना आमच्या फोनवर एका दाबाला एकच फोटो निघतो.

तोटा: मांजर तीन सेकंद थांबत नाही. म्हणून टायमर घरात आणि संध्याकाळी. सकाळी बाहेर टायमर बंद. ही अदलाबदल अजून मीच करून देतो.

१८ जून

नाक-लावलं. पट्टी, छापील कागद आणि फोन घेऊन मोजलं. सात सेंटीमीटरवर अक्षरं मऊ. नऊवर जरा बरी. अकरावर स्वच्छ. म्हणजे या फोनला साधारण दहा सेंटीमीटरच्या आत दिसत नाही. जवळचं टिपणारं वेगळं भिंग असलेले फोन बरेच जवळ जातात, पण हा त्यातला नाही.

दहा सेंटीमीटर हे तिला कसं सांगायचं? तिची वीत मोजली तर १३ निघाली. झालं. मुंगीपासून आपली एक वीत लांब. वीत जमिनीवर टेकवायची, अंगठा मुंगीकडे, करंगळी फोनकडे. मुंगी फोटोत छोटी दिसते अशी तक्रार आली. संध्याकाळी मोठ्या पडद्यावर फोटो कापून मुंगी मोठी केली तेव्हा पाय मोजता आले. सहा. खूप मोठा विजय झाल्यासारखा चेहरा.

झूमचं मात्र पटवता आलं नाही. या फोनचा झूम म्हणजे फोटो काढायच्या आधीच केलेली काटछाट, त्यात बारकावे वाढत नाहीत. मी तिला म्हणतो, "पायांनी झूम कर." ती दोन बोटांनीच करते. सोडून दिलं.

२० जून

पळापळवर उपाय करायचा का, यावर दोन दिवस घातले. मांजराला उजेडात गाठायचं, किंवा ते बसेपर्यंत थांबायचं, एवढंच करता येतं. तिला खिडकीचं सांगितलं: "खिडकी तुझ्या पाठीशी हवी." त्याने शटरचा वेळ कमी होतो आणि दुसरा प्रश्नही सुटतो. याआधी मांजर खिडकीत बसलं की फोटोत नुसती काळी सावली यायची, कारण कॅमेरा बाहेरच्या झगमगाटाला बेतून उजेड कमी करतो. (त्या सावल्यांतल्या दोन मला फार आवडल्या आहेत. तिला सांगितलेलं नाही. फुलाचा अनुभव ताजा आहे.)

२१ जून

बोट. फोटोच्या कोपऱ्यात गुलाबी-केशरी ढग येतो, तो म्हणजे भिंगावर आलेलं तिचं बोट. आडवा धरला की आमच्या फोनचं भिंग डाव्या हाताच्या बोटांखाली जातं. "बोट काढ" हे शंभरदा सांगून झालं. मागचं भिंग तिला दिसतच नाही, मग काढणार काय? परवा भिंगाच्या बाजूला खरखरीत कापडी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. बोटाला खरखर लागली की बोट खाली सरकवायचं. दोन दिवसांत ढग जवळपास संपले. या महिन्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं काम.

२८ जून

पुन्हा मोजणी. आठवड्याचे फोटो ८८, धूसर १९. थरथर ६, पळापळ १०, नाक-लावलं ३. थरथर उरली ती बहुतेक मी टायमर लावायला विसरलो त्या संध्याकाळची.

चौकटीचे तीन भाग, मांडणी, रेषा वगैरे तिला शिकवायचं असा एक मित्र आग्रह करतो आहे. एकदा मोह झाला होता. मग गेल्या दोन आठवड्यांचे फोटो ओळीने बघितले. तिचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर आहेत. तिच्या फोटोंत टेबलांना खालची बाजू आहे, माणसं कंबरेपासून सुरू होतात, दाराची मूठ डोळ्यासमोर येते, आणि आजीचा हात आजीपेक्षा मोठा आहे. मी "माणूस मधे घे, डोकं कापू नकोस" म्हणालो, तर ती फोन डोक्यावर उचलून माझ्या उंचीवरून फोटो काढायला लागेल. कापलेली डोकी राहू देत. विचारलंच तर सांगेन.

उत्तेजन कशाला द्यायचं, तर सध्या दोनच गोष्टींना: वाकून, बसून, झोपून बघणं, आणि एकाच वस्तूभोवती फिरून दुसऱ्या बाजूने आणखी एक काढणं. काल तिने बुटांच्या जोडीचे चार फोटो काढले. चौथा बुटाच्या आत भिंग घालून. नाक-लावलं प्रकारातला, पूर्ण मऊ. पण तिथे जायचं सुचलं.

६ जुलै

दर रविवारी तीन फोटो निवडायचे आणि छापायचे असं ठरवलं होतं. निवड तिची, मी फक्त तिन्हींबद्दल "हाच का?" विचारतो. निवडायला तिला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आज पाऊण तास.

पहिले तीन ४ x ६ इंचावर छापून आले आणि ती रडली. मांजराचे कान कापले गेले होते. चूक माझी. फोनचा फोटो ४:३, कागद ३:२. कागद पूर्ण भरायचा म्हणून फोटोच्या लांब कडांवरची पट्टी कापली जाते, मिळून नवव्या भागाएवढी. मोठ्यांच्या फोटोंत कडेला बहुधा काही नसतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ही कडेपर्यंत सगळं भरते. पुन्हा छापले, या वेळी फोटो अखंड ठेवून, दोन बाजूंना पांढरी कड सोडून.

७ जुलै

फोन पडला. दोरी मनगटात होती, पण सैल होती. तड्याची एक रेघ वाढली, चिकटपट्टीने धरून ठेवली आहे. काच बोटाला लागत नाही हे स्वतःच्या बोटाने तपासलं. दोरीला गाठ मारून छोटी केली. रागावलो नाही. पडणार हे धरूनच जुना फोन दिला होता.

बॅटरीही नोंदवून ठेवतो: कॅमेरा सतत चालू असला तर शंभरवरून वीसवर यायला दीड तास. पाठ कोमट होते, गरम झाली तर थांबवायचं. चार्जिंग मी करतो, आणि तार लावलेला फोन तिच्या हातात जात नाही.

१३ जुलै

आजची निवड: बुटाचं तोंड, आजीचा हात (आजीला विचारून), आणि मांजराची पळापळ. तिसऱ्यावर मी थांबलो. महिनाभर ज्याला आम्ही धूसर म्हणत आलो तोच फोटो. मांजर म्हणजे डावीकडून उजवीकडे गेलेला करडा पट्टा, एक डोळा तेवढा ओळखू येतो. मागची फरशी रेषारेषांनी स्वच्छ.

"हाच का?"

"हा पळतोय ना बाबा. बाकीच्यात नुसता बसलाय."

तिन्ही छापले, पांढऱ्या कडेसकट. कपाटाच्या दाराला चिकटवले. मी माझ्या नजरेला लावत होतो, तिने काढून खाली घेतले. आता बघायचे तर मला उकिडवं बसावं लागतं.

पुढच्या आठवड्यासाठी: टायमर तिचा तिला लावता येतो का बघणे. जुने फोटो दुसरीकडे उतरवून ठेवणे, जागा तीन जीबीच उरली आहे. खरखरीत पट्टी सुटत आली आहे, नवी लावणे.